एक राम आणि त्याला म्हटलेले तू-तुम्ही



मराठी गीतांत प्रियकराला, आईला आणि देवाला आपण कोणत्या सर्वनामाने हाक मारतो आणि त्या निवडीने गीताचा सूर कसा बदलतो, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. उदाहरणे शोधायला फार लांब जायचे कारण नाही. ग. दि. माडगूळकरांनी लिहिलेले आणि सुधीर फडक्यांनी स्वरबद्ध केलेले 'गीतरामायण' पुणे आकाशवाणीवरून 1955 च्या रामनवमीपासून दर आठवड्याला प्रसारित होऊ लागले. त्यात 56 गीते आहेत आणि जवळजवळ प्रत्येक गीत कोणीतरी कोणालातरी उद्देशून म्हणते. त्यामुळे एकाच रामाशी वेगवेगळ्या नात्यांतली माणसे कशी बोलतात, हे एकाच कवीच्या लेखणीतून पाहता येते. वनवासाला निघालेल्या मुलाला अडवणारी कौसल्या त्याला 'तू' म्हणते आणि वर 'रे' जोडते. शिळेतून मुक्त झालेली अहल्या रामाच्या चरणांना 'तुझे' म्हणते. पंचवटीत राम प्रथमच दृष्टीस पडलेली शूर्पणखाही पहिल्या शब्दापासून 'तू' म्हणते. सीता मात्र 'तुम्ही'वर ठाम आहे. डोहाळे सांगताना ती 'पुरवा' म्हणते, हरीण मागताना 'द्या' म्हणते, आणि वनवासाच्या वेळी निरोपाची भाषा करणाऱ्या नवऱ्याला जाब विचारतानाही तिचे क्रियापद 'घेता' असेच राहते. तीच सीता वनात सोडून निघालेल्या लक्ष्मणाला 'सांग' म्हणते, 'सांगा' नाही.

आता हे कोडे पाहा. ज्या रामाला देव मानणारी अहल्या 'तू' म्हणते, त्यालाच त्याची बायको 'तुम्ही' म्हणते. देव जवळचा आणि नवरा लांबचा, असा याचा अर्थ घ्यायचा का? आणि अनोळखी पुरुषाला 'तू' म्हणणारी शूर्पणखा जर त्या 'तू'मुळेच निर्लज्ज वाटत असेल, तर त्याच काळात त्याच रेडिओवर भावगीतांतल्या कितीतरी नायिका प्रियकराला बिनदिक्कत 'तू' म्हणत होत्या, त्या कुणाला निर्लज्ज का वाटल्या नाहीत? माझे म्हणणे थोडक्यात असे आहे: मराठी गीतातला जिव्हाळ्याचा 'तू' हा मुळात आईला म्हटलेला 'तू' आहे. आईकडून तो देवाकडे गेला आणि देवाकडून, विशेषतः कृष्णाकडून, प्रियकराकडे आला. नवरा-बायकोच्या घरातल्या बोलण्यातून तो गीतात आलेला नाही, कारण त्या घरात बाईच्या तोंडी तो नव्हताच.

पुराव्याकडे वळण्याआधी एक हरकत निकालात काढली पाहिजे, कारण ती गीतकारांच्या बाजूने येते आणि वजनदार आहे. ती अशी की, सर्वनाम भाव पाहून येत नाही, मात्रा पाहून येते. 'तू' दोन मात्रांचा, 'तुम्ही' तीनचा. 'तुझा' तीन, 'तुमचा' चार, 'आपला' पाच. 'तुला' तीन मात्रांत बसतो, 'तुम्हाला' पाच मात्रा खातो. चालीला जे बसेल ते कवी घेणार, त्यात नात्याचा अर्थ कशाला शोधायचा? हरकत काही अंशी खरी आहे. चालीवर शब्द लिहिणाऱ्याला 'तू' स्वस्त पडतो, हे कोणीही मान्य करील. पण सीतेच्याच गीतांवर ही हरकत तपासून पाहा. 'दे' आणि 'द्या' दोन्ही एकेक गुरू अक्षरे आहेत. कवीला वाटले असते तर 'दे' तिथे बसला असता. 'पुरवा' चार मात्रांचा आहे, आणि तितक्याच मात्रांचे 'पुरवी' हे एकवचनी रूपही हाताशी होते. असली इकारान्त रूपे माडगूळकर याच रचनेत इतरांच्या तोंडी सहज वापरतात. शिवाय वाल्मीकींची सीता हे हरीण मागते तेव्हा 'आनय' म्हणते, म्हणजे 'आण', एकवचनात. तिथे आदर 'आर्यपुत्र' या संबोधनात आहे, क्रियापदात नाही. माडगूळकरांनी आदर क्रियापदात आणला. तो मात्रेने दिलेला नाही आणि मूळ ग्रंथानेही नाही. तो 1955 च्या मराठी घरातून आलेला आहे. नवऱ्याचे नाव न घेणाऱ्या, 'अहो' म्हणून बोलावणाऱ्या आणि नाव घ्यायचेच झाले तर उखाण्यात घेणाऱ्या घरातून. त्याच घरातला नवरा बायकोला 'तू' म्हणतो, आणि म्हणूनच रडणाऱ्या कौसल्येची समजूत घालणारा दशरथ तिला 'तू' तर म्हणतोच, वर प्रेमाने 'वेडे'ही म्हणतो. कौसल्येने उलट दशरथाला 'वेड्या' म्हटलेले गीत कोणी लिहिले असते, तर श्रोत्यांनी दुसऱ्या दिवशी आकाशवाणीला पत्रे पाठवली असती.

म्हणजे घरात 'तू' दोन प्रकारचा आहे. एक वरून खाली येणारा: नवऱ्याचा बायकोला, सासूचा सुनेला, मालकाचा गड्याला. दुसरा खालून वर जाणारा, आणि तो फक्त एकाच माणसाला मिळतो: आईला. वडील, आजोबा, काका, सासूबाई, आत्याबाई या सगळ्यांना 'तुम्ही' म्हणणारे मूल आईला मात्र 'तू' म्हणते, आणि त्यात कुणाला बेअदबी दिसत नाही. मोठ्याला 'तू' म्हणण्याची परवानगी असलेले हे एकमेव नाते. 'गीतरामायणा'तला भरत संतापाने कैकेयीला आपली आई मानायचे नाकारतो, तिला वैरीण ठरवतो, पण तेव्हाही तिला म्हणतो 'तू'च. आईशी नाते तोडायचे तरी सर्वनाम आईचेच वापरावे लागते. या 'तू'ला अपवाद आहे तो राजघराण्यांच्या आणि सरदारांच्या गोष्टींतला. तिथे 'आईसाहेब' येतात आणि त्यांच्याबरोबर 'तुम्ही' किंवा 'आपण' येतो. नाटक-चित्रपटातल्या जिजाबाईंना शिवराय 'आपण' म्हणतात तेव्हा प्रसंग लगेच दरबारी होतो. आई आणि मुलगा समोरासमोर असूनही मध्ये जणू राज्य उभे राहते. अशा गीतांत वात्सल्याऐवजी आज्ञा आणि आशीर्वाद जास्त दिसतात, त्याचे एक कारण हे सर्वनाम आहे.

आता देवाकडे. देवाला 'तू' म्हणणे ही मराठीची मिरास नाही, असे कोणी म्हणेल. संस्कृत स्तोत्रांत 'त्वम्' आहे, हिंदीत देवाला 'तू' आहे, जगातल्या अनेक भाषांत देव एकवचनीच आहे. मग त्यात आई कुठून आली? ही हरकत मी सर्वांत गंभीर मानतो. संस्कृतातून मिळालेला 'तू' मराठीत आला, हे खरेच. प्रश्न असा आहे की, मराठीने आदरार्थी अनेकवचन उपलब्ध असताना तो तसाच का ठेवला, आणि ठेवताना त्याला कोणते कारण दिले. याचे उत्तर ज्ञानेश्वरीच्या तिसऱ्या अध्यायाच्या आरंभी सापडते, आणि ते इतके नेमके आहे की, मला दुसऱ्या पुराव्याची फारशी गरज वाटत नाही. गीतेच्या मूळ श्लोकात अर्जुन कृष्णाशी एकवचनात बोलतो. ज्ञानेश्वरांनी शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 मध्ये, त्याच अर्जुनाला पहिल्याच ओवीत 'तुम्ही' बोलायला लावले. तुम्ही जे बोललात ते मी नीट ऐकले, अशी सभ्य सुरुवात तो करतो. पुढे तक्रार वाढत जाते. कर्म सोडायला सांगता आणि युद्धही करायला सांगता, मग आम्ही अडाण्यांनी करायचे काय, असे तो विचारू लागतो, आणि या तक्रारीत 'तुम्ही' गळून 'तुवां' येतो. काही ओव्यांनंतर आपण भीड का बाळगत नाही, याचे कारणही तोच सांगतो: कृष्ण त्याची आई आहे. सखा, सोयरा, सारथी ही सगळी नाती उपलब्ध असताना 'तू' म्हणायचा परवाना तो आईच्या नात्याने मागतो. संस्कृतातला 'तू' आपोआप आलेला असता, तर ज्ञानेश्वरांना आधी 'तुम्ही' आणायचे, मग तो सोडायचा आणि सोडण्याचे समर्थनही करायचे, एवढा खटाटोप करावा लागला नसता.

वारकरी अभंगांत ही वाट पुढे राजमार्ग झाली. विठ्ठल पुरुष आहे, कमरेवर हात ठेवून उभा आहे, रखुमाई त्याच्या शेजारी आहे. तरी तो विठाई आहे, माउली आहे, आणि त्याला 'ये' म्हणून हाक मारताना 'गे' हा बायकांना लावायचा शब्द जोडता येतो. यात जुन्या मराठीच्या व्याकरणाने मोठी सोय केली. आजच्या मराठीत 'तू' म्हटले की क्रियापद लिंग विचारते: 'देतोस' की 'देतेस', 'आलास' की 'आलीस'. 'तुम्ही देता' लिंग लपवते. संतांच्या काळातली 'देसी', 'करिसी', 'पाहसी' ही रूपे एकवचनी असूनही लिंग विचारत नाहीत. त्यामुळे एकाच अभंगात विठ्ठल बाप, आई आणि राजा होऊ शकतो, आणि क्रियापदाला कुठेही अडखळावे लागत नाही. विसाव्या शतकातले गीतकारही 'जाशी', 'येशी' ही रूपे सोडत नाहीत. ती गायला सोपी आहेत हे कारण आहेच, पण ऐकणाऱ्याला समोर कोण आहे हे ठरवायची मोकळीक मिळते, हेही आहे.

आईच्या 'तू'त भांडणाची मुभाही आली. जनाबाईच्या नावावरच्या अभंगांत विठ्ठलाला नाव तोडून, तुच्छतेने हाक मारलेली आहे. तुकाराम देवाला दिवाळखोर ठरवायला कमी करत नाहीत. वरून खाली येणाऱ्या 'तू'त अशी शिवी अपमान ठरली असती. मुलाने आईला दिलेली शिवी हा हट्ट असतो, आणि अभंग ऐकणारा तसाच तो ऐकतो. याची उलट बाजू भूपाळीत दिसते. होनाजी बाळांच्या प्रसिद्ध भूपाळीत देवाला पहाटे उठवले जाते, तेव्हा भक्त आई झालेला असतो आणि देव अंथरुणातले मूल. 'उठी' हे क्रियापद तेच एकवचनी, पण त्याची दिशा बदलली. अभंगातला 'तू' तोंड वर करून म्हटलेला असतो, भूपाळीतला वाकून. सर्वनामात काही फरक नसताना सूर पूर्ण वेगळा होतो तो यामुळे.

माझ्या विरोधात जाणारे एक उदाहरण मात्र प्रत्येकाच्या ओठांवर आहे. गणपतीला निरोप देताना आपण 'ये' म्हणत नाही, 'या' म्हणतो. तो 'मोरया'शी यमक जुळवायला आला आहे असे कोणी म्हणेल, आणि त्यात तथ्य असेल. गणपती दहा दिवसांचा पाहुणा आहे, आणि पाहुण्याला 'या' म्हणतात, हेही पटण्यासारखे आहे. तरी लक्षात घ्या की, ही हाक 'बाप्पा' या शब्दाने सुरू होते. पंढरीची माउली 'ये' म्हटल्याने येते, बाप्पा 'या' म्हटल्याने. घरात आईला आणि वडिलांना आपण जे म्हणत आलो, तेच इथे आहे. एका घोषणेवर सिद्धान्त उभा करायचा नसतो, पण ती सिद्धान्ताला पाडत नाही एवढे नक्की.

आता प्रियकर. इथे उत्तम पुरावा तमाशाच्या फडात आहे. तमाशाचा क्रम आपल्याला माहीत आहे: गण, गवळण, बतावणी, लावणी, मग वग. एकाच रात्री, एकाच बोर्डावर, त्याच बाया आधी गवळण सादर करतात आणि नंतर लावणी. गवळणीत वाट अडवणाऱ्या कृष्णाला त्या 'अरे' म्हणतात, 'नको रे' म्हणतात, त्याच्या आईकडे गाऱ्हाणे नेण्याची धमकी देतात. तासाभराने लावणीत समोरच्या पुरुषाला 'पाव्हणं', 'दाजी', 'राया' म्हणून 'या', 'बसा', 'घ्या' सुरू होते. व्यवहाराच्या दृष्टीने पाहिले तर परका आहे तो लावणीतला पुरुष, आणि त्याच्याशी बोलणे धीट आहे. तरी त्याला 'तुम्ही'. कृष्णाशी थट्टा चालली आहे, तरी त्याला 'तू'. लावणीतला 'तुम्ही' हा घरातल्या बायकोचा 'तुम्ही' आहे, आणि लावणीची नजाकत निम्मी त्यातच आहे. घरात जो शब्द लाजेने, मान खाली घालून म्हटला जातो, तोच इथे मान वर करून, डोळ्यांत पाहून म्हटला जातो. क्रियापद अदबीचे आणि मागणी अदबीची नाही, या दोघांच्या घासण्यातून ठिणगी पडते. हीच लावणी सगळी 'तू'त लिहून पाहा. शृंगार उघडा होतो आणि थंडही होतो. सगळ्याच लावण्या अशा नाहीत, हे मी मान्य करतो. शाहिरांच्या विरहाच्या लावण्यांत 'सख्या' आणि त्याबरोबर 'तू' येतो. पण तिथे तो पुरुष समोर नसतो, परगावी गेलेला असतो. समोर बसलेल्याला 'तुम्ही' आणि आठवणीतल्याला 'तू', असा तो भेद मला दिसतो.

जो समोर नाही त्याला 'तू' म्हणायची ही सोय कृष्णभक्तीतूनच आलेली. ज्ञानेश्वरांच्या नावावरच्या विराण्यांत तर प्रियकर बहुधा 'तो'च आहे. विरहिणी 'गे माये' म्हणून सांगते ते आईला किंवा सखीला. 'संगीत स्वयंवर' (1916) मधल्या रुक्मिणीच्या गाजलेल्या पदातही श्रीकृष्णाचा उल्लेख 'हा' असा येतो. जिथे 'तू' म्हणायचा धीर नाही आणि 'तुम्ही'त दूरपणा वाटतो, तिथे तिसऱ्या पुरुषाचा आडोसा घेतला जाई. हा आडोसा एकोणीसशे तीसनंतरच्या भावगीताने सोडला. घरात नवऱ्याला 'अहो' म्हणणारी बाई रेडिओसमोर बसून 'सख्या रे', 'जिवलगा', 'सजणा' ऐकू लागली, गुणगुणू लागली, आणि घरच्यांना त्यात वावगे वाटले नाही. का वाटले नाही? कारण त्या 'तू'ला राधेचे तोंड होते. बासरी, यमुना, कदंब, सावळा, कान्हा ही सामग्री निम्म्या भावगीतांत आहे ती सजावट म्हणून नाही. ती परवान्याचे काम करते. प्रियकर अर्धवट कृष्ण असला की त्याला 'तू' म्हणणे ही भक्ती ठरते, आणि उद्धटपणाचा प्रश्नच उरत नाही. शूर्पणखेच्या मागे हे संरक्षण नव्हते. ती अनोळखी पुरुषाला सरळ 'तू' म्हणते, ना आई, ना राधा. आणि श्रोत्याला तिची जात पहिल्याच शब्दात कळते. हा माडगूळकरांचा धूर्तपणा, आणि तो सर्वनामातला आहे हे लक्षात आले की त्या गीताची चाल जरा वेगळी ऐकू येते.

आता यावर तरुण श्रोते विचारतील की, हे सगळे कालबाह्य झाले नाही का? आज नवरा-बायको एकमेकांना 'तू' म्हणतात, नावाने हाक मारतात, पुष्कळ घरांत वडीलही 'अरे बाबा' झाले आहेत. मग सीतेच्या 'द्या'ला आजच्या कानात काय अर्थ उरला? माझ्या मते अर्थ उरला, पण तो सरकला. घरातून 'तुम्ही' गेल्यामुळे गीतातला 'अहो' आता वेषभूषेसारखा वापरला जातो: ऐतिहासिक चित्रपटात काळ दाखवायला, ग्रामीण गीतात गाव दाखवायला, किंवा लाडीगोडीने टोमणा मारायला. आणि 'तू' सर्वांना मिळू लागल्यामुळे प्रेमगीतातल्या 'तू'चे वजन कमी झाले. 1950 च्या भावगीतात तो शब्द उच्चारणे हीच एक घटना होती. आजच्या गीतात त्याने काहीच घडत नाही, म्हणून गीतकाराला जवळीक दाखवायला प्रतिमा, तपशील, इंग्रजी शब्द अशा दुसऱ्या वस्तू शोधाव्या लागतात. यात हानी आहे असे मी म्हणत नाही. बाईला नवऱ्याला 'तू' म्हणता येणे ही घराने मिळवलेली गोष्ट आहे आणि गीताने एक साधन गमावले म्हणून ती परत करायची नसते.

'आपण'बद्दल थोडे सांगायचे राहिले. आदराच्या पायरीवर हे सर्वांत वरचे सर्वनाम, पण गीतात ते 'तुम्ही'च्या अर्थाने जवळजवळ स्वागतगीतांपुरतेच उरले आहे. प्रेमगीतात 'आपण' आला की ऐकणारा तो 'तू आणि मी' असाच घेतो. एकच शब्द सर्वांत जास्त अंतराचाही आणि अंतर पूर्ण मिटल्याचाही. कवीने ठरवले तर या संदिग्धतेचा सुंदर उपयोग होईल, पण तसा तो मला क्वचितच आढळला. देवाला आदर दाखवायचा झाला तर मराठी कवी 'आपण'कडे जात नाही, तो सर्वनामच गाळतो आणि क्रियापदाला 'आवे' लावतो. पसायदानात 'तू' नाही, 'तुम्ही' नाही. विश्वात्मक देवाकडे मागणे आहे ते 'तोषावे', 'द्यावे' अशा रूपांत. ते मागणे भरल्या श्रोतृसभेपुढे, ग्रंथ संपवताना, सगळ्या जगासाठी केलेले आहे, आणि तिथे आईशी बोलायचा एकांत नाही. 'गीतरामायणा'तला हनुमान रामाकडे वर मागतो तोही 'द्यावा' याच रूपात, अयोध्येच्या दरबारात उभा राहून. मात्र हनुमानाचेच दास्य आदर्श मानणारे रामदास 'करुणाष्टकां'त रामाला 'तुज' म्हणतात, आणि तिथे दरबार नाही. दासाने स्वामीला एकदा 'द्यावा' म्हणायचे आणि एकदा 'तुज', यात विसंगती काढता येत नाही. ऐकायला दुसरे कोणी हजर आहे की नाही, एवढेच पाहायचे.